सोनखत ‘तयार’ झालं म्हणजे नक्की काय झालं? राजुरीतल्या एका कोरड्या संडासाचा हिशोब

राजुरीला, आळेफाट्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, माझी आत्या राहते. तिच्या मळ्यातल्या वस्तीवर पाणी पुरवून वापरावं लागतं, म्हणून तिथं कोरडा संडास बांधलाय. लघवी एका नळीने कॅनमध्ये जाते, मैला खालच्या कप्प्यात पडतो, वरून राख टाकायची. असे दोन कप्पे. एक भरला की झाकायचा आणि दुसरा वापरायला घ्यायचा. मागच्या वर्षी पहिला कप्पा उघडला तेव्हा मी तिथं होतो. आत्याने फावड्यावर थोडा माल घेतला, लांबूनच वास घेतला आणि म्हणाली, “अरे, ही तर माती झाली. वासबी नाही. टाकू का कांद्याला?”

मी म्हटलं, “थांब.” पण का थांबायचं, हे मला तिला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात असून! हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर आहे. तुम्ही स्वच्छता, कंपोस्ट किंवा मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करायचं ठरवत असाल, तर आत्याचा प्रश्न नीट समजून घ्या. प्रबंधात याच प्रश्नावर बऱ्याच जणांचं पाऊल घसरतं. माझंही घसरलं होतं, ते पुढे येईलच.

आधी एक घोळ मिटवू. बोलताना आपण या संडासाला ‘कंपोस्ट संडास’ म्हणून मोकळे होतो. पण लघवी वेगळी काढणाऱ्या संडासाच्या कप्प्यात कंपोस्ट जवळजवळ होतच नाही. कंपोस्ट व्हायला जिवाणूंना ओलावा लागतो, ढिगाच्या वजनाच्या साधारण 50 ते 60 टक्के. आपण तर लघवी बाजूला काढून आणि राख टाकून तो ओलावा मुद्दाम घालवतो. म्हणजे दोन उलट दिशांचे मार्ग आहेत. एकात जिवाणूंना भरपूर खाऊ घालायचं, त्यांच्या कामाने ढीग तापतो आणि त्या उष्णतेने रोगजंतू मरतात. दुसऱ्यात सगळंच उपाशी आणि कोरडं ठेवायचं, सामू वाढवायचा आणि वाट बघायची. ‘माती झाली’ असं दिसतं ते दोन्हीकडे. मात्र ढीग तापून माती होणं वेगळं आणि सुकून, राखेत मिसळून मातीसारखं दिसणं वेगळं.

या दोन्हींच्या मध्ये अडकलेला कप्पा सगळ्यात वाईट. तापायला पुरेसा मोठा नाही, सुकायला पुरेसा कोरडा नाही. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात अनेक कप्पे नेमके याच अवस्थेत असतात.

आता मारायचं कोणाला, ते पाहू. जुलाबाचे जिवाणू तुलनेने लवकर मरतात. खरा चिवट गडी म्हणजे पोटातला मोठा गोल जंत, एस्कॅरिस. याची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. अंड्याला अनेक पदरी कवच असतं. ताजं अंडं लगेच रोग पसरवत नाही. बाहेर ऊब, ओलावा आणि हवा मिळाली की दोन-तीन आठवड्यांत आत अळी तयार होते आणि मग ते धोक्याचं होतं. अशी अंडी ओलसर, सावलीतल्या मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतात. म्हणून या क्षेत्रात एस्कॅरिसचं अंडं ही मोजपट्टी मानतात. ते मेलं असेल तर बाकीचे बहुतेक मेलेले असणार.

माझी चूक इथलीच. पहिल्या वर्षी मी कप्प्यातल्या नमुन्यांवर फक्त ई. कोलाय तपासला. प्लेटा स्वच्छ आल्या. मी खुशीत गाईडना दाखवायला गेलो. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. “अंडी बघितलीस का?” आणि “नमुना कप्प्यात कुठून घेतलास?” अंडी बघितली नव्हती. आणि नमुना घेतला होता मागच्या दारातून, हाताला लागेल तिथून. दाराजवळचा माल म्हणजे काठावरचा, लवकर सुकणारा. सगळ्यात नवा माल असतो भांड्याच्या बरोबर खाली, ढिगाच्या शेंड्यावर. तो मी घेतलाच नव्हता. तीन महिन्यांचं काम परत करावं लागलं.

ई. कोलायने फसवणं ही काही माझ्यापुरती गोष्ट नाही. एल साल्वाडोरमध्ये अशा दोन-कप्पी संडासांचा खेड्यांत बराच प्रसार झाला होता. तिथल्या घरांमधल्या जंतसंसर्गाचा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की लघवी वेगळी काढणारे दोन-कप्पी संडास वापरणाऱ्यांमध्ये लवकर मरणाऱ्या परजीवींचं प्रमाण कमी होतं, पण एस्कॅरिस आणि चाबकासारखा दिसणारा ट्रायक्युरिस हे चिवट जंत साध्या खड्ड्याचे संडास वापरणाऱ्यांपेक्षा जास्त होते. सगळ्यात कमी संसर्ग होता तो सौर संडासवाल्यांमध्ये. तिथं कप्प्यावर उन्हाने तापणारं झाकण असतं, त्यामुळे आतलं तापमान वाढतं. नीट विचार केला तर यात नवल नाही. खड्ड्यातला मैला कुणी बाहेर काढत नाही. कोरड्या संडासातला मैला आपण हाताने काढतो, शेतात नेतो, अंगणातून नेतो. तो पूर्ण निर्धोक झालेला नसेल तर संडासच जंत वाटणारं यंत्र होतो.

मग निर्धोक कधी? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये घरगुती पातळीसाठी साठवणीच्या मुदती दिल्या आहेत. हवा थंड, म्हणजे 2 ते 20 अंश असेल तर दीड ते दोन वर्षं. 20 ते 35 अंशांत एक वर्षाहून जास्त. आणि राख किंवा चुना घालून सामू 9 च्या वर ठेवला तर सहा महिन्यांहून जास्त, मात्र तापमान 35 च्या वर आणि ओलावा 25 टक्क्यांच्या खाली असेल तर. तिसरी ओळ वाचून सगळे खुश होतात आणि ‘सहा महिने’ एवढंच लक्षात ठेवतात. तिच्या अटी कुणी वाचत नाही. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडे, राजुरी-बेल्ह्याच्या पट्ट्यात, उन्हाळा चांगला तापतो हे खरं, पण सावलीतल्या विटांच्या कप्प्यात बारा महिने 35 अंश राहत नाहीत. थंडीत तर रात्री चांगलंच गार पडतं. तेव्हा आपल्यासाठी हिशोब दुसऱ्या ओळीचा: किमान एक वर्ष, आणि शक्य असेल तर जास्त.

हे वर्ष मोजायचं कुठून? कप्प्यात शेवटचा मैला पडला त्या दिवसापासून. कप्पा वापरायला घेतला त्या दिवसापासून नाही. झाकलेल्या कप्प्यात कुणी आजारी पोराचं भांडं रिकामं केलं तर घड्याळ परत शून्यावर. हे सांगितलं की लोकांना मी अति करतोय असं वाटतं, पण वरचा एक किलो ताजा माल फावड्याने उलटा-पालटा केला की सगळ्या ढिगात मिसळतो.

आता आत्याच्या संडासाकडे येऊ. घरात पाच माणसं. अशा कप्प्यांचा आराखडा करताना, राखेसकट, माणशी सहा महिन्यांना सुमारे 100 लिटर जागा धरतात. म्हणजे पाच माणसांना वर्षाला 1000 लिटर, एक घनमीटर. गवंड्याने कप्पा बांधला 1.2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, आणि भरता येईल अशी उंची ठेवली 0.6 मीटर. गुणाकार करा: 0.72 घनमीटर, म्हणजे 720 लिटर. महिन्याला साधारण 83 लिटर भरत असेल तर कप्पा साडेआठ महिन्यांत भरतो.

समजा पहिला कप्पा जूनमध्ये सुरू केला. फेब्रुवारीच्या मध्यावर भरला, झाकला. दुसरा सुरू. मार्च-एप्रिलमध्ये कांदा काढणीला आठ मजूर महिनाभर वस्तीवर राहिले. त्यांचे साधारण 130 लिटर वाढले. त्यामुळे दुसरा कप्पा साडेआठऐवजी सातच महिन्यांत, सप्टेंबरच्या मध्यावर भरला. आता जागा हवी, म्हणून पहिला उघडायचा. त्याला विश्रांती किती मिळाली? सात महिने. आणि त्यातले शेवटचे साडेतीन महिने पावसाळ्याचे. “टाकू का कांद्याला?” हा प्रश्न आला तो या क्षणी.

बघा, इथं कुणाचा हलगर्जीपणा नाही. राख रोज पडत होती, झाकण लावलेलं होतं. चूक विटांच्या थरांत आहे. पहिल्या कप्प्याच्या विश्रांतीचा काळ म्हणजे दुसरा कप्पा भरायला लागणारा काळ. त्यामुळे कप्प्याची उंची ठरवताना आपण नकळत उपचाराची मुदत ठरवत असतो. भरायची उंची 0.9 मीटर ठेवली असती तर 1080 लिटर बसले असते, आणि वर हवा खेळायला 30 सेंटिमीटर सोडले असते तर पाहुण्यांची थोडी भरही झेपली असती. वर्ष मात्र तरी जेमतेमच. आता बांधलेला संडास पाडायचा नसेल तर त्याच मापाचा तिसरा कप्पा जोडायचा. मग पहिल्याला दुसरा आणि तिसरा भरेपर्यंत, म्हणजे साधारण साडेपंधरा महिने मिळतात. आम्ही शेवटी हेच केलं.

अर्धवट माल काढून शेडमध्ये रचून ठेवू, हाही उपाय सुचवला जातो. मला तो पटत नाही, कारण काढणार कोण? 2013 च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यात अस्वच्छ संडासाची व्याख्या नेमकी यावर बेतली आहे: मैला पूर्ण विघटित होण्याआधी तो हाताळावा लागतो का? सात महिन्यांचा कप्पा रिकामा करायला मजुरीवर माणूस बोलावणं म्हणजे जुनं काम नव्या भिंतीआड चालू ठेवणं. आपल्याकडे या प्रश्नाला इतिहास आहे. कोकणगांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथं भंगीकाम स्वतः करू द्या म्हणून त्यांनी उपोषण केलं आणि त्यांच्यासाठी गांधीजींनीही उपवास धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी संडास आणि खत यांचे प्रयोग केले. त्यांच्यासाठी सोनखताचा प्रश्न आणि मैला कोण उचलणार हा प्रश्न एकच होता. संशोधनाचा आराखडा करताना ‘कप्पा रिकामा करणारा माणूस’ हा घटक आपण बहुतेक वेळा विसरतो. नमुने घेणारे आपणच असतो, आपल्या हातात मोजे असतात.

आता राखेबद्दल. सामू वाढवायचं काम लाकडाची किंवा गोवऱ्यांची कोरडी, चाळलेली राख करते. दरवेळी मैला झाकला जाईल इतकी, साधारण एक-दोन मूठ. पण घरोघरी गॅस आल्यापासून चूलच रोज पेटत नाही. मग लोक माती टाकतात, भाताचा तूस टाकतात, लाकडाचा भुसा टाकतात. वास जातो, माश्या कमी होतात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण मातीने सामू 9 च्या वर जात नाही आणि भुशानेही नाही. राख कमी पडत असेल तर मातीत थोडा चुना मिसळावा. प्रबंधात ‘आच्छादन सामग्री’ असा एकच रकाना करू नका. राख, चुना आणि भुसा ही तीन वेगळी औषधं आहेत.

दुसरं नुकसान होतं पाण्याने. आपण पाण्याने धुणारी माणसं. कप्प्याच्या भोकावरच धुतलं तर रोज पाच माणसांचं काही लिटर पाणी आत जाणार आणि राखेचा चिखल होणार. म्हणून आपल्याकडच्या भांड्याला तिसरी जागा लागते: थोडं सरकून धुवायचं, ते पाणी वेगळ्या नळीने केळीच्या किंवा कर्दळीच्या वाफ्यात. लहान मुलं आणि गुडघे दुखणारी म्हातारी माणसं सरकत नाहीत, हे गृहीत धरून आखणी करा. ओलावा वाढल्याची खूण मोजमापाआधी दिसते: तीव्र वास, पांढऱ्या अळ्या आणि दारातून झिरपणारं काळं पाणी. यातलं काहीही दिसलं तर वर्षाचा हिशोब सोडून द्या. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, राख वाढवा, आणि कोरडं झाल्यावर नव्याने मोजायला लागा.

प्रयोगशाळेत काय करायचं? प्रत्येक कप्प्यातून किमान तीन ठिकाणचे नमुने वेगवेगळे ठेवा: शेंडा, गाभा, काठ. सगळे एकत्र कालवून सरासरी काढली तर धोका त्या सरासरीत लपतो. ओलाव्यासाठी वजन केलेला नमुना 105 अंशांवर रात्रभर वाळवून परत वजन. सामूसाठी पाण्यात घोळून मीटर. अंड्यांसाठी नमुना धुऊन, गाळून, झिंक सल्फेटसारख्या जड द्रावणात फिरवायचा. अंडी वर तरंगतात. पण नुसती मोजू नका. मेलेलं अंडंही सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा अखंड दिसतं. ती पातळ सल्फ्युरिक आम्लात 28 अंशांच्या आसपास साधारण चार आठवडे उबवायची आणि मग आत वळवळणारी अळी किती अंड्यांत आहे ते बघायचं. मार्गदर्शक मर्यादा कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला एका अंड्याहून कमी, आणि ई. कोलाय 1000 हून कमी. उबवणीचे ते चार आठवडे वेळापत्रकात आधीच धरून ठेवा. सिनॉप्सिस लिहिताना ते हमखास राहून जातात.

आणखी एक गंमत. अंड्याचं कवच आम्ल-बिम्ल सहन करतं, पण अमोनिया वायू त्यातून आत शिरतो. अमोनियाचा मोठा साठा लघवीत, आणि ती आपण सुरुवातीलाच वेगळी काढलेली. म्हणजे वासाचा आणि ओलाव्याचा प्रश्न सोडवताना एक चांगलं शस्त्र आपण कप्प्याबाहेर नेलं. काढलेल्या मैल्यात युरिया मिसळून बंद पिंपात ठेवण्यावर म्हणूनच संशोधन चालतं. विषय शोधत असाल तर इथं जागा आहे.

शेवटी आत्याला पटलं ते वेगळ्याच आकड्याने. भारतीय आहाराचा अंदाज धरला तर एका माणसाच्या लघवीतून वर्षाला सुमारे 2.3 किलो नायट्रोजन जातो आणि मैल्यातून फक्त 0.3 किलो. पाच माणसांचे लघवीतून 11.5 किलो, म्हणजे 25 किलो युरियाइतका. युरियाच्या 45 किलोच्या गोणीच्या अर्ध्याहून जास्त. मैल्यातून दीड किलो, म्हणजे जेमतेम सव्वातीन किलो युरियाइतका. लघवीत रोगजंतू मुळात कमी असतात. ती बंद कॅनमध्ये ठेवली की युरियाचं विघटन होतं, सामू 9 च्या आसपास जातो आणि ती आपोआप शुद्ध होत राहते. घरच्याच पिकाला, घरच्यांनीच खायचं असेल आणि काढणीला महिनाभर अवकाश असेल तर ती लगेचही वापरता येते; बाहेर विकायच्या मालासाठी सहा महिने साठवावी. सरीत ओतून वर माती ओढायची, नाहीतर अमोनिया उडून जातो आणि आत्याच्या शब्दांत “सगळी गोणी वाऱ्यावर”.

“म्हणजे ज्याची भीती त्यात सव्वातीन किलो, आणि जे आपण वाया घालवत होतो त्यात पंचवीस?” आत्याने विचारलं. मैल्यात स्फुरद आणि सेंद्रिय भाग असतो, तो मातीला उपयोगीच आहे, हे मी सांगितलं. ती म्हणाली, “मग असू दे की बंद अजून एक उन्हाळा. त्याची काय घाई?”

कप्पा परत झाकला. कांद्याला ते खत द्यायचंच नाही, कारण कांदा मातीत वाढतो आणि कच्चा खाल्ला जातो. बांधावरच्या आंब्यांना खड्डा करून द्यायचं ठरलं. दारावर आत्याने खडूने तारीख लिहिली. पावसात ती पुसली गेली, म्हणून आता ऑइलपेंटने लिहिली आहे, आणि खाली नातवाने स्वतःहून भर घातली आहे: ‘उघडू नये’.